स्वल्पविराम काढताना आपण नकळत काय लिहून बसतो

गेल्या महिन्यात डोंबिवलीच्या एका विद्यार्थिनीने मला तिच्या निबंधाचा कच्चा मसुदा पाठवला. पीएचडीच्या प्रवेशासाठी ‘मला संशोधन का करायचं आहे’ यावर दोन पानं लिहायची होती आणि मुलाखतीत त्याच पानांवर प्रश्न विचारणार होते. तिने परवानगी दिली आहे म्हणून त्यातला एक परिच्छेद जसाच्या तसा देते:

“माझे आजोबा मोठागावच्या खाडीत जाळं टाकायचे, आता तिथे बोय मिळत नाही, पाणी काळं झालं आहे, मी एमएस्सीला त्याच पाण्याची क्षारता मोजली, ती भरतीला वाढते, ओहोटीला कमी होते हे माहीत होतं पण उन्हाळ्यात वाढते पावसाळ्यात कमी हे आजोबा चव घेऊन सांगायचे, मी मीटरने सांगते.”

एका दमात वाचून बघा. दम लागतो, पण वाचावंसं वाटतं. शेवटचे सहा-सात शब्द तर मला आजही आठवतात.

आणि मी काय केलं? ठाणे ते दादर प्रवासात फोनवरच ‘सुधारून’ टाकलं: “सदर खाडीतील पाणी प्रदूषित झाल्यामुळे तेथील मत्स्यसंपदा घटली आहे. या पार्श्वभूमीवर मी क्षारतेचे मापन केले.” आजोबा गेले, बोय गेली. व्याकरणात एकही चूक उरली नाही. तिचा मेसेज आला, “ताई, बरोबर आहे हो, पण हे मी लिहिल्यासारखं वाटत नाही. आणि ‘झाल्यामुळे’ असं मी म्हटलंच नव्हतं.”

त्या दुसऱ्या वाक्याने मला गप्प केलं. मी फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, “आजोबा सांगायचे की बोय आधीच कमी झाली होती, पाणी काळं नंतर झालं.” शिवाय तिने मोजली होती क्षारता. पाण्यातला ऑक्सिजन नाही, मासेही नाहीत. म्हणजे मी स्वल्पविरामाच्या जागी ‘मुळे’ घातलं आणि तिच्या नावावर एक कार्यकारणसंबंध जमा केला. त्यासाठी तिच्याकडे एकही आकडा नव्हता. मुलाखतीत कोणी विचारलं असतं, “हे कशावरून?” तर उत्तर तिला द्यावं लागलं असतं, मला नाही.

दोन स्वतंत्र वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली, की त्यांच्यातलं नातं उघडं राहतं. म्हणून, पण, आणि, नंतर, शिवाय, यातलं काहीही असू शकतं. आपण जोडशब्द निवडतो तेव्हा त्यातलं एक नातं ठरवून टाकतो. ते ठरवण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा.

आता दुरुस्तीकडे. मराठीत वाक्याची हद्द शोधणं तसं सोपं आहे, कारण क्रियापद बहुधा शेवटी येतं. मोडीत तर शब्दांमध्येही जागा सोडत नसत, विरामचिन्हं नव्हतीच, तरी वाचणारा क्रियापदावर येऊन थांबायचा. (ही चिन्हं आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली, मेजर कँडी यांचं नाव त्यासाठी घेतात.) तर पेन्सिल घ्या आणि वाक्य पुरं करणाऱ्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. वरच्या परिच्छेदात टाकायचे, मिळत नाही, झालं आहे, मोजली, वाढते, कमी होते, माहीत होतं, वाढते, सांगायचे, सांगते अशी दहा येतात आणि पूर्णविराम एकच. ‘घेऊन’खाली रेघ मारू नका, ते वाक्य पुरं करत नाही. ‘पावसाळ्यात कमी’ इथे क्रियापदच गळलंय, आणि त्याच्या आगेमागे चिन्हही नाही. वाचणारा अडखळतो तो तिथे.

मग प्रत्येक सांध्यावर लिहिणाऱ्याला एकच विचारायचं: या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे? मी तिला फोनवर तसंच विचारत गेले.

जाळं आणि बोय यांच्यामध्ये? “काही नाही, तेव्हा आणि आता.” मग पूर्णविराम पुरे, कारण ‘आता’ हा शब्द ते काम करतोच आहे. बोय आणि काळं पाणी? “दोन्ही झालंय, एवढंच मला माहीत.” इथे मराठीतला ‘ही’ फार कामाला येतो. ‘पाणीही काळं झालं आहे’ म्हटलं की दोन गोष्टी शेजारी बसतात आणि एकीने दुसरी घडवली असा दावा होत नाही. ‘भरतीला वाढते, ओहोटीला कमी होते’ याला मी हात लावला नाही. कर्ता एकच, तुकडे छोटे, घडण सारखी. अशा वेळी मराठीत स्वल्पविराम खुशाल चालतो. शेवटच्या वाक्यात कर्ते दोन आहेत, आजोबा आणि मी. नियम काटेकोर लावला तर तिथे अर्धविराम हवा. मी विचारलं, तर ती म्हणाली, “तिथे थांबले तर आजोबा लांब जातात.” स्वल्पविराम राहिला.

मसुदा शेवटी असा झाला:

“माझे आजोबा मोठागावच्या खाडीत जाळं टाकायचे. आता तिथे बोय मिळत नाही. पाणीही काळं झालं आहे. मी एमएस्सीला त्याच पाण्याची क्षारता मोजली. ती भरतीला वाढते, ओहोटीला कमी होते, हे माहीत होतं. पण ती उन्हाळ्यात वाढते आणि पावसाळ्यात कमी होते, हे आजोबा चव घेऊन सांगायचे, मी मीटरने सांगते.”

मोजून बघा, नवे शब्द फक्त ‘ती’, ‘आणि’, ‘होते’ आणि तो ‘ही’. ‘जाळं’चं ‘जाळे’ करायचं की नाही हा वेगळा प्रश्न आहे. तो त्याच फेरीत घेऊ नका, नाहीतर हात चालू लागला की थांबत नाही. माझा थांबला नव्हता.

क्रियापदांची रांग लागली की ‘ऊन’ लावून जोडायचा मोह होतो. ‘खाडीवर गेले, नमुना घेतला’ याचं ‘खाडीवर जाऊन नमुना घेतला’ छान होतं, कारण दोन्ही मीच केलं. कर्ता बदलला की हा सांधा तुटतो. ‘पाऊस येऊन मी नमुना घेतला’ कानाला खटकतं, तिथे ‘पाऊस आल्यावर’ हवं.

इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथे दोन पुरी वाक्यं नुसत्या कॉमाने जोडणं चूकच धरतात, त्याला कॉमा स्प्लाइस म्हणतात, आणि आपल्याइतकी सूट मिळत नाही. आपली मुलं सगळ्यात जास्त अडकतात ती ‘हाऊएव्हर’वर. आपण ते ‘पण’सारखं वापरतो, आधी कॉमा, नंतर कॉमा. पण ‘पण’चं काम ‘बट’ करतं. ‘हाऊएव्हर’ दोन वाक्यं जोडत नाही, त्याच्याआधी पूर्णविराम किंवा सेमीकोलन लागतो. तुमच्या मसुद्यात हा एक शब्द शोधून बघा, मी माझ्या दुसऱ्या प्रकरणात शोधला तेव्हा अकरा ठिकाणी निघाला.

मुलाखतीत तिला पहिला प्रश्न आला, “आजोबांची चव आणि तुमचा मीटर जुळले का?” मे आणि ऑगस्टचे आकडे तिच्या वहीत होते.