पाठवलेला माल आणि न झालेला नफा

सोलापुरात चादरींचा घाऊक व्यापार आणि पुण्यात स्वतःचंच किरकोळ विक्रीचं दुकान, असा एक व्यापारी डोळ्यांसमोर आणा. त्याला एक चादर ४०० रुपयांना पडते. पुण्याच्या शाखेला माल पाठवताना मात्र कागदावर तो ५०० रुपये भाव लावतो. ग्राहकालाही पुण्यात ती ५०० लाच विकायची असते. दोन्ही दुकानं एकाच मालकाची, म्हणजे विकणारा आणि घेणारा एकच. तरी मधले शंभर रुपये कागदावर चढतात.

हे तो का करतो? एक कारण उघड आहे. शाखेच्या व्यवस्थापकाला आणि नोकरांना मालाची खरी खरेदी कळू नये, असं बहुतेक मालकांना वाटतं. खरेदी कळली की ती शेजारच्या दुकानात कळते, आणि घासाघीस करणाऱ्या ग्राहकापुढे नोकराचा हातही सैल होतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. माल विक्रीच्याच भावाने पाठवला, तर सोलापुरात बसून शाखेवर नजर ठेवता येते. पाच लाखांचा माल दिला, चार लाख विक्रीचे आले, तर दुकानात एक लाखाचा माल असलाच पाहिजे. त्यासाठी रोज प्रत्येक नगाची नोंद तपासावी लागत नाही.

आता वर्षभराचे आकडे घेऊ. १ एप्रिलला पुण्यात २०० चादरी शिल्लक होत्या. बीजकाच्या भावाने त्यांचे १,००,००० रुपये. वर्षात सोलापूरहून आणखी १,२०० चादरी गेल्या, म्हणजे ६,००,००० रुपयांचा माल. पुण्याहून विक्रीचे ५,७५,००० रुपये आले. तेव्हा ३१ मार्चला दुकानात १,२५,००० रुपयांचा माल हवा, म्हणजे २५० चादरी. मोजल्या तर भरल्या २४६. चार चादरी म्हणजे २,००० रुपये कमी. या चार चादरींकडे पुढे येऊ, कारण त्याआधी मोठा प्रश्न त्या २४६ चादरींचाच आहे.

बीजकाच्या भावाने या शिलकीची किंमत १,२३,००० रुपये होते. हाच आकडा ताळेबंदात गेला, तर व्यापाऱ्याने प्रत्येक चादरीवर शंभर रुपये नफा झाल्याचं लिहिलं असं होईल. चादर अजून फडताळात आहे, ग्राहकाने तिला हातही लावलेला नाही. स्वयंपाकघरातली साखर माजघरात नेली म्हणून ती महाग होत नाही, तसाच हा प्रकार. चादर सोलापूरहून पुण्याला गेली, पण विकली गेलेली नाही.

म्हणून या शिलकीतला नफ्याचा भाग, म्हणजे २४६ गुणिले १०० असे २४,६०० रुपये, बाजूला काढायचे. यालाच हिशेबनीस 'स्टॉक रिझर्व्ह' म्हणतात. ताळेबंदात शाखेचा माल १,२३,००० दाखवून त्यातून २४,६०० वजा करतात, म्हणजे खरेदीचे ९८,४०० उरतात. रिझर्व्ह हे नाव ऐकून अनेकांना वाटतं की कुठे तरी पैसे ठेवलेले आहेत. बँकेत यातला एक रुपयाही नसतो. फुगवलेली किंमत जागेवर आणणारी ही निव्वळ वजावट आहे.

नफ्याचं गणित वेगळ्या खात्यात होतं. महाविद्यालयात त्याला 'ब्रँच अ‍ॅडजस्टमेंट अकाउंट' म्हणून शिकवतात. विद्यार्थी ते पाठ करतात, पण त्यामागचा विचार साधा आहे: वर्षात एकूण किती चढ लावला आणि त्यातला किती खरोखर हाती आला? सुरुवातीच्या मालातला चढ २०,०००. वर्षात पाठवलेल्या मालातला १,२०,०००. एकूण १,४०,०००. त्यातून अजून न विकलेल्या मालातला चढ २४,६०० काढला आणि हरवलेल्या चार चादरींचा ४०० काढला, की उरतात १,१५,०००. पुण्यात विकल्या गेलेल्या १,१५० चादरींचे, दर चादरीमागे शंभर रुपये. आकडा असा विकलेल्या नगांशी जुळला, की हिशेब बरोबर आहे असं समजायला हरकत नाही. हरवलेल्या चार चादरींची खरेदी १,६०० रुपये ही मालकाची खरी हानी. ती वजा जाता १,१३,४०० रुपये राहतात, आणि त्यातून पुढे भाडं, पगार, वीज हे खर्च जातात.

या गणितात सगळ्यात जास्त चुकणारी जागा टक्क्यांची आहे. मालक सांगतो, 'आम्ही खरेदीवर २५ टक्के चढ लावतो.' ते खरंच आहे, ४०० वर १०० म्हणजे २५ टक्के. पण शाखेकडून येणारा आकडा बीजकाच्या भावातला असतो, आणि ५०० मध्ये १०० म्हणजे २० टक्के. नवखा हिशेबनीस १,२३,००० चे सरळ २५ टक्के काढतो आणि राखीव ३०,७५० धरतो. मग मालाची खरेदी ९२,२५० दिसते. ती २४६ ने भागली तर एका चादरीला ३७५ रुपये पडतात, आणि ३७५ ला तर ती कुणी दिलीच नव्हती. हा एक भागाकार केला तर चूक तिथेच सापडते. तसाच घोळ शाखेने स्वतः पुण्यात खरेदी केलेल्या मालाचा होतो. व्यवस्थापकाने स्थानिक बाजारातून ३०,००० च्या उशा घेतल्या असतील, तर त्यांच्यावर सोलापूरचा चढ लागलेलाच नाही. सगळ्या शिलकीवर सरसकट २० टक्के कापले, तर उशांची किंमत ६,००० नी नाहक खाली जाते.

आता त्या चार चादरी. कागदावर २,००० ची तूट दिसली की मालकाच्या मनात पहिला शब्द चोरी हाच येतो. पण हीच तूट तीन वेगळ्या वाटांनी येऊ शकते. खरोखर चादरी गेल्या असतील. किंवा माल सगळा विकला गेला असेल, पण दिवाळीत गर्दी खेचायला व्यवस्थापकाने काही चादरी ५०० ऐवजी कमी भावाने दिल्या असतील. किंवा मार्चच्या अखेरीस सोलापूरहून निघालेला गठ्ठा अजून ट्रकमध्ये असेल. पाठवणाऱ्याने लिहिला आहे, घेणाऱ्याने अजून लिहिलेला नाही.

ओळखायचं कसं? ट्रकची शंका पाठवल्याच्या पावत्या आणि पुण्याच्या पोहोच पावत्या शेजारी ठेवल्या की मिटते. गठ्ठा वाटेत असेल तर तो मालकाचाच माल आहे, पण बीजकाच्या भावाने लिहिलेला, म्हणून त्याच्यावरही राखीव ठेवावा लागतो. उरलेल्या दोन शक्यतांसाठी बिलबुकातले नग मोजायचे. दुकानात एकूण १,४०० चादरी आल्या, २४६ उरल्या, म्हणजे १,१५४ बाहेर गेल्या. बिलांत १,१५० च नग असतील आणि सगळे ५०० ने असतील, तर चार चादरी बिलाविना गेल्या. बिलांत १,१५४ नग असतील आणि रक्कम मात्र ५,७५,०००, तर २,००० ची सूट दिली गेली. गंमत अशी की नफा दोन्हीकडे १,१३,४०० च येतो. सुटीच्या बाबतीत १,१५४ चादरींवरचे १,१५,४०० आणि त्यातून २,००० वजा. नफा-तोटा पत्रक बघून मालकाला काहीच कळणार नाही. कळेल ते शाखेच्या मालाच्या खात्यावरून आणि बिलबुकावरून. बीजक विक्रीच्या भावाने बनवण्याचा खरा फायदा माझ्या मते इथे आहे. शाखेला पाठवतानाचा भाव आणि विक्रीचा भाव वेगळे ठेवणाऱ्यांना ही तपासणी इतकी सरळ करता येत नाही.

राखीव न ठेवण्याचा मोह मार्चमध्ये होतो. बँकेला ताळेबंद दाखवायचा आहे, नफा थोडा कमी दिसतोय, तर २८ मार्चला ५०० चादरी पुण्याला रवाना करायच्या. राखीव नसेल तर एका दिवसात कागदावर ५०,००० रुपये नफा वाढतो, एकही ग्राहक न येता. राखीव ठेवला तर नफ्यावर काहीच परिणाम होत नाही.

या वर्षीचे २४,६०० पुढच्या वर्षी सुरुवातीचा राखीव म्हणून परत येतात आणि चादरी विकल्या गेल्या की नफ्यात मिसळतात. मालकाचं काही बुडत नाही, नफा विक्रीच्या वर्षात जातो एवढंच. त्यामुळे दरवर्षी राखीव विसरणाऱ्या दुकानदाराची नफ्यातली चूक लहान दिसते. आमच्या उदाहरणात सुरुवातीचे २०,००० आणि शेवटचे २४,६०० दोन्ही विसरले, तर नफा ४,६०० नीच वाढतो. ताळेबंदातला माल मात्र पूर्ण २४,६०० नी फुगलेला राहतो, आणि शाखेच्या पहिल्या वर्षी, जेव्हा सुरुवातीचा राखीव नसतो, तेव्हा सगळा फुगवटा नफ्यातच दिसतो.

जीएसटीमुळे काहींचा गोंधळ वाढतो. सोलापूर आणि पुणे एकाच नोंदणीखाली असतील, तर माल डिलिव्हरी चलनावर जातो, कर लागत नाही. हेच दुकान हैदराबादला असतं, तर दुसऱ्या राज्यातली नोंदणी कायद्याने वेगळी व्यक्ती धरली जाते, माल पाठवताना कर बीजक करावं लागतं आणि आयजीएसटी भरावा लागतो. बीजक निघालं, कर भरला, म्हणून विक्री झाली असं वाटू शकतं. पण ती नोंद जीएसटीपुरती. आयकरात आणि ताळेबंदात मालक एकच राहतो. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या सर किकाभाई प्रेमचंद यांच्या खटल्यात हे तत्त्व मान्य केलं होतं. त्यांनी व्यापारातली चांदी काढून ट्रस्टमध्ये टाकली होती, आणि माणूस स्वतःशीच व्यवहार करून नफा मिळवू शकत नाही, म्हणून ती खरेदीच्या किमतीनेच काढली असं धरावं, असा निकाल लागला. शाखेच्या राखीवामागेही हाच विचार आहे.

राखीव माल खरेदीच्या किमतीपर्यंत खाली आणतो, त्याखाली नाही. २४६ पैकी ४० चादरी जुन्या नक्षीच्या असतील आणि आता त्या ३५० लाच खपणार असतील, तर लेखा मानक २ प्रमाणे त्या ३५० नेच धरायच्या, म्हणजे आणखी २,००० कमी करायचे. ते काम स्टॉक रिझर्व्ह करत नाही, वेगळं करावं लागतं. तेव्हा शाखा असलेल्या दुकानदारांनी ३१ मार्चला आपल्या हिशेबनिसाला दोन गोष्टी विचाराव्यात: शाखेचा शिल्लक माल बीजकाच्या भावाने लिहिला आहे की खरेदीच्या, आणि त्यातला पडून राहिलेला माल कोणता.