इंटरनेट चालू, पण एकच प्रोग्राम बंद

संगणकावर ब्राउझर नीट चालतो, व्हिडिओ दिसतात, पण ईमेलचा प्रोग्राम मात्र ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ असे सांगत राहतो. कालपर्यंत तोच प्रोग्राम बिनबोभाट चालत होता. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय इंटरनेट देणाऱ्या कंपनीवर जातो आणि राऊटर बंद-चालू करण्यात तासभर जातो. पण घरातल्या साध्या राऊटरला संगणकावरच्या प्रोग्रामचे नाव कळत नाही. त्याला दिसतो फक्त पत्ता आणि पोर्टचा क्रमांक. कोणता प्रोग्राम बाहेर जाऊ पाहतो आहे हे ओळखून त्याला अडवणारी वस्तू संगणकाच्या आतच असते. ती म्हणजे फायरवॉल, किंवा फायरवॉलसह आलेला अँटिव्हायरस.

विंडोजमधली फायरवॉल २००४ साली एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर आपोआप चालू होऊन येऊ लागली. तेव्हा ती फक्त बाहेरून आत येणाऱ्या जोडण्या तपासत असे. व्हिस्टापासून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठीही नियम करता येऊ लागले. तरी आजही मुद्दाम नियम केला नसेल तर ही फायरवॉल बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही. विकत घेतलेले अनेक सुरक्षा संच मात्र बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामची ओळख पटवून घेतात.

ही ओळख कशी पटते, यातच अपडेटनंतरच्या अडचणीचे मूळ आहे. विंडोजच्या फायरवॉलमधला प्रोग्रामसाठीचा नियम सहसा त्या फाईलच्या संपूर्ण पाथवर बांधलेला असतो. सुरक्षा संच त्याशिवाय फाईलची डिजिटल सही किंवा तिच्या मजकुरावरून काढलेला हॅश पाहतात. आता असा एक प्रोग्राम घ्या, जो प्रत्येक अपडेटला स्वतःसाठी नवा फोल्डर करतो. काल त्याची फाईल `app-2.3.1` या फोल्डरमध्ये होती, आज ती `app-2.4.0` मध्ये आहे. डेस्कटॉपवरचे चित्र तेच, नावही तेच, पण परवानगी लिहिलेली आहे जुन्या पाथच्या नावावर. फोल्डर न बदलताही नुसत्या नव्या फाईलमुळे हॅश बदलतो आणि संचाच्या दृष्टीने प्रोग्राम अनोळखी ठरतो. संच ‘विचारा’ या पद्धतीवर असेल तर खिडकी उघडून परवानगी मागतो. ‘स्वतः ठरवा’ या पद्धतीवर असेल तर गुपचूप अडवतो. संचाच्याच अपडेटमध्ये ही पद्धत बदलली किंवा जुने नियम पुसले गेले, तर प्रोग्रामला कोणी हात न लावताही तेच घडते.

इथे एक गोष्ट फार जणांना चकवते. विंडोजमध्ये अडवणारा नियम हा परवानगीच्या नियमाला भारी पडतो. नवा गेम किंवा फाईल-शेअरिंगचा प्रोग्राम पहिल्यांदा चालवताना विंडोज परवानगीची खिडकी दाखवते. तिथे घाईत ‘Cancel’ दाबले की त्या प्रोग्रामकडे येणाऱ्या जोडण्या अडवणारे नियम तयार होतात. पुढे कितीही वेळा परवानगीचा नियम जोडला तरी उपयोग होत नाही. आधीचा नियम शोधून काढावा लागतो. नियमांची यादी `wf.msc` चालवली की उघडते. बाहेर जाण्यास मनाई करणारे चालू नियम पॉवरशेलमध्ये असे पाहता येतात:

```
Get-NetFirewallRule -Enabled True -Direction Outbound -Action Block
```

अडवणारा संगणकाच्या आत आहे की बाहेर, हे ठरवायला चुकीच्या संदेशातला क्रमांक नीट वाचावा. `10013` म्हणजे जोडणी करण्याची परवानगीच मिळाली नाही. हा आकडा लगेच, क्षणात येतो आणि बोट बहुधा फायरवॉलकडेच दाखवतो. `10060` वाट पाहून पाहून येतो, कारण पलीकडून उत्तरच आलेले नसते. तिथे जाळ्यातला दोषही असू शकतो. क्रोमच्या पायावर बांधलेल्या प्रोग्राममध्ये पहिल्या प्रकाराला `ERR_NETWORK_ACCESS_DENIED` असे नाव दिसते.

दुसरी चाचणी म्हणजे त्याच सर्व्हरच्या त्याच पोर्टवर वेगळ्या प्रोग्राममधून जाऊन पाहणे. ईमेल आणण्याचा सुरक्षित पोर्ट बहुधा 993 असतो. खालच्या ओळीतल्या पत्त्याच्या जागी आपल्या मेल सर्व्हरचे नाव घालावे:

```
Test-NetConnection imap.example.com -Port 993
```

उत्तरात `TcpTestSucceeded : True` आले, तर वाट मोकळी आहे आणि अडथळा त्या एका प्रोग्रामपुरता आहे. `False` आले तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नये, कारण सुरक्षा संच पॉवरशेललाही अडवत असेल.

कधी कधी ही चाचणी यशस्वी होते, एकही नियम आड येत नाही, तरी प्रोग्राम रुसलेलाच असतो. अशा वेळी भांडण प्रमाणपत्राचे असते. अनेक अँटिव्हायरस कूटबद्ध वाहतूक तपासण्यासाठी मध्ये उभे राहतात. ते सर्व्हरशी एक जोडणी करतात, प्रोग्रामशी दुसरी, आणि प्रोग्रामला सर्व्हरच्या खऱ्या प्रमाणपत्राऐवजी स्वतः तयार केलेले दाखवतात. ते खरे मानले जावे म्हणून आपले मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या विश्वासू यादीत घालून ठेवतात. विंडोजची यादी मानणारे प्रोग्राम त्यामुळे सुरळीत चालतात. स्वतःची वेगळी यादी बाळगणारा प्रोग्राम मात्र हे प्रमाणपत्र नाकारतो, आणि सुरक्षेच्या दृष्टीने त्याचे वागणे बरोबरच असते.

जानेवारी २०१९ मध्ये फायरफॉक्सची ६५वी आवृत्ती आली तेव्हा नेमके हेच झाले. फायरफॉक्सची विश्वासाची यादी स्वतःची असते. अपडेटनंतर अव्हास्ट आणि एव्हीजी हे अँटिव्हायरस असलेल्या अनेक विंडोज संगणकांवर सुरक्षित संकेतस्थळे उघडेनात. पडद्यावर `SEC_ERROR_UNKNOWN_ISSUER` येई. मोझिलाला विंडोजवरचे आपोआप होणारे अपडेट काही काळ थांबवावे लागले, आणि अँटिव्हायरसकडून फायरफॉक्ससाठीची ती तपासणी बंद करणारी दुरुस्ती आली. त्याच वर्षी जुलैत आलेल्या ६८व्या आवृत्तीत मोझिलाने कायमचा तोडगा काढला: अशी अडचण दिसली की फायरफॉक्स विंडोजच्या यादीतली, बाहेरून घातलेली मूळ प्रमाणपत्रे मानून पाहतो. `about:config` मध्ये या सोयीचे नाव `security.enterprise_roots.enabled` असे आहे.

हा प्रकार ओळखणे सोपे आहे. प्रमाणपत्र उघडून ते कोणी दिले ते पाहावे. तिथे अँटिव्हायरसचे नाव असेल तर मध्ये तोच उभा आहे. काही प्रोग्राम मात्र ठरावीक प्रमाणपत्राशिवाय दुसरे मानतच नाहीत. तिथे यादीत भर घालून काही साधत नाही. त्या प्रोग्रामला तपासणीतून वगळावेच लागते.

अँटिव्हायरस घटकाभर बंद करून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्यावर फार विसंबू नये. काही संच ‘बंद’ केल्यावरही वाहतूक गाळणारा त्यांचा ड्रायव्हर काम करतच राहतो. त्यामुळे बंद करूनही फरक पडला नाही, म्हणजे संच निर्दोष ठरला असे होत नाही. संचाच्या स्वतःच्या नोंदवहीत त्या वेळेला कोणाला अडवले ते पाहणे जास्त खात्रीचे. कार्यालयाच्या संगणकावर हे नियम मध्यवर्ती ठिकाणाहून येतात, म्हणून तिथे स्वतः केलेला बदल बहुधा टिकत नाही. क्रमांक आणि वेळ लिहून आयटी विभागाला द्यावी.

घरच्या संगणकावर नवी परवानगी देण्याआधी फाईलवर उजवी क्लिक करून ‘Properties’ मधले ‘Digital Signatures’ उघडावे. तिथे प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीचे नाव असेल तर जुना नियम काढून त्या एका फाईलपुरता नवा करावा आणि बाकी फायरवॉल आहे तशी चालू ठेवावी. एरवी सही असणाऱ्या प्रोग्रामची सही नाहीशी झाली असेल किंवा नाव भलतेच असेल, तर परवानगी देऊ नका. तो प्रोग्राम काढून टाका आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून नव्याने उतरवून घ्या.