अर्धं ताट उरलं, तर नोंद किती करायची?

मधुमेहाचे अनेक रुग्ण जेवणातल्या कर्बोदकांची नोंद ठेवतात. ताट अर्धं उरलं की वहीतला आकडाही निम्मा केला जातो आणि नोंद तिथेच चुकते, कारण ताटातले सगळे पदार्थ सारखेच उरत नाहीत.

समजा, ताटात दोन पोळ्या, वाटीभर भात, वाटीभर वरण आणि पालेभाजी होती. त्यांतली कर्बोदकं ढोबळमानाने अनुक्रमे 30, 30, 15 आणि 5 ग्रॅम, म्हणजे एकूण 80. पोळ्या आणि भात संपला; वरण, भाजी तशीच राहिली. निम्मा हिशोब 40 सांगतो, पण पोटात 60 ग्रॅम गेली. वरणातली प्रथिनं मात्र ताटातच राहिली.

म्हणून आधी वाढलेलं सगळं लिहावं, मग उरलेला प्रत्येक पदार्थ वेगळा वजा करावा. पोळी चतकोरांत मोजावी, वरण-भात त्याच वाटीत परत भरून पाहावा. कालवलेल्या भाताचा हिशोब अंदाजेच राहतो. तशी खूण करावी.

जेवणाआधी इन्सुलिन घेतलं असेल आणि पोळी-भात उरला, तर साखर उतरू शकते. अशा वेळी नोंद थांबली तरी चालेल. आधी साखर तपासावी आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलेला उपाय करावा.