साडेआठ सेंटिमीटर डीएनएची घडी

माणसाच्या १ क्रमांकाच्या गुणसूत्रात डीएनएच्या सुमारे २४ कोटी ९० लाख बेसजोड्या एकापुढे एक असतात. शेजारच्या दोन जोड्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर. गुणाकार केला की लांबी येते साधारण साडेआठ सेंटिमीटर, आणि हा सगळा एकच अखंड रेणू आहे. पेशी दुभंगायच्या बेतात असताना हेच गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्याची लांबी भरते जेमतेम १० मायक्रोमीटर. त्या वेळी त्याच्या दोन प्रती शेजारी शेजारी जोडलेल्या असतात आणि प्रत्येक प्रतीत हा साडेआठ सेंटिमीटर डीएनए असतो. म्हणजे लांबी सुमारे साडेआठ हजार पटींनी कमी झाली, आणि तीही गाठ न पडता, धागा न तुटता.

हे कसं होतं याचं पाठ्यपुस्तकी उत्तर अनेकांना आठवत असेल: डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळला जातो, त्या गुंडाळ्यांचा जाड धागा बनतो, त्या धाग्याची पुन्हा गुंडाळी होते आणि शेवटी गुणसूत्र तयार होतं. यातली पहिली पायरी अगदी पक्की आहे. दुसरीबद्दल मात्र गेल्या काही वर्षांत मत बरंच बदललं आहे.

पहिल्या पायरीचा सुगावा लागला १९७३ साली, ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात. डीन ह्यूइश आणि ली बर्गॉइन उंदराच्या यकृतातल्या पेशींची केंद्रकं वेगळी काढून त्यांवर काम करत होते. या केंद्रकांत डीएनए कापणारं एक एन्झाइम मुळातच असतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळालं की ते कामाला लागतं. त्यांनी ते लागू दिलं. मग तुकडे झालेला डीएनए जेलवर चढवला आणि विजेचा प्रवाह सोडला. जेलमध्ये लहान तुकडे लांब पळतात, मोठे मागे रेंगाळतात. एन्झाइम हवं तिथे कापत असेल तर सगळ्या मापांचे तुकडे व्हायला हवेत आणि जेलवर वरपासून खालपर्यंत एकसलग फराटा दिसायला हवा. प्रत्यक्षात दिसले वेगवेगळे पट्टे, ठरावीक अंतरांवर. सर्वांत लहान तुकडा एका मापाचा, त्याच्या वरचा दुप्पट, त्याच्या वरचा तिप्पट. ते मूळ माप सुमारे २०० बेसजोड्यांचं निघालं. प्रथिनं काढून टाकलेल्या उघड्या डीएनएवर तेच एन्झाइम सोडलं तर पट्टे नाहीसे होतात आणि फराटाच उरतो. म्हणजे कापण्याच्या जागा डीएनएच्या अक्षरांनी ठरवलेल्या नव्हत्या. त्याच्यावर बसलेलं काहीतरी दर दोनशे जोड्यांमागे एकदाच सुरीला वाट देत होतं.

प्रयोगशाळेत या पट्ट्यांना आजही शिडी म्हणतात. क्रोमॅटिनवर काम करणारा विद्यार्थी पहिल्या महिन्यात ती पाहतो, आणि बहुतेक वेळा आधी बिघडलेली पाहतो. एन्झाइम कमी पडलं तर सगळा डीएनए जेलच्या तोंडाशीच अडकून बसतो. जास्त झालं किंवा वेळ चुकली, तर वरच्या पायऱ्या संपतात आणि तळाशी एकच जाडसर पट्टा उरतो. तो पट्टा मोजला तर मात्र एक मोलाची गोष्ट कळते. कडा झिजत झिजत तुकडा १४७ जोड्यांवर येतो आणि तिथे बराच वेळ टिकून राहतो. या १४७ जोड्या काहीतरी घट्ट धरून ठेवलं आहे, उरलेल्या पन्नासेक जोड्या मधल्या मोकळ्या जोडणीच्या आहेत.

हे धरून ठेवणारं काय, ते केंब्रिजमधल्या रॉजर कोर्नबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडलं. हिस्टोन शास्त्रज्ञांना नवे नव्हते, अल्ब्रेख्त कोसेल यांनी ते १८८४ मध्येच हंसाच्या रक्तपेशींतून वेगळे केले होते. पण ते डीएनएला बाहेरून लिंपलेले असतात अशीच सर्वसाधारण समजूत होती. कोर्नबर्ग आणि जीन थॉमस यांना आढळलं की एच३ आणि एच४ हे दोन हिस्टोन द्रावणात दोन-दोनच्या चौकडीने एकत्र राहतात. चौकडी म्हणजे गोळा, आणि गोळा डीएनएच्या अंगावर लिंपता येत नाही. उलट डीएनएलाच त्याच्याभोवती जावं लागेल. केंद्रकात या जातींच्या हिस्टोनांचं डीएनएशी जे प्रमाण असतं त्यावरून हिशेबही जुळला: एच२ए, एच२बी, एच३, एच४ यांचे प्रत्येकी दोन, असे आठ रेणू दर २०० जोड्यांमागे. याच सुमारास अ‍ॅडा आणि डोनल्ड ओलिन्स या दांपत्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फुगवलेल्या केंद्रकातून बाहेर पडणाऱ्या धाग्यावर ओळीने बसलेले बारीक गोल कण दिसले होते. पुढच्या वर्षी त्या कणाला न्यूक्लिओसोम हे नाव मिळालं.

रीळ आणि त्यावरचा दोरा, असं न्यूक्लिओसोमचं चित्र डोळ्यासमोर आणायला हरकत नाही. दोऱ्यासकट हिस्टोनांचं रीळ सुमारे अकरा नॅनोमीटर रुंद, साडेपाच नॅनोमीटर उंच, आणि दोरा त्याच्यावर १.६५ वळसे घेतो. पण इथे दोरा मऊ नाही. डीएनए ताठ रेणू आहे. दीडशे जोड्यांच्या तुकड्याला मोकळं सोडलं तर तो जवळपास सरळच राहतो, आणि नेमका तेवढाच तुकडा इथे जवळजवळ पावणेदोन वेळा वळलेला असतो. हे बळ कुठून येतं ते १९९७ साली कॅरोलिन लुगर, टिमोथी रिचमंड आणि त्यांच्या झुरिकच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी काढलेल्या रचनेत दिसलं. डीएनएचा कणा ऋणभारित असतो, हिस्टोनांत लायसिन आणि आर्जिनिन ही धनभारित अमिनो आम्लं भरपूर असतात. डीएनएचा पीळ साधारण दर दहा जोड्यांनी एक फेरा पूर्ण करतो आणि प्रत्येक फेऱ्यात त्याची एक खाच हिस्टोनांच्या बाजूला येते. त्या प्रत्येक खाचेत एक आर्जिनिन शिरलेलं असतं. अशा चौदा पकडी. एकेक पकड फारशी मजबूत नाही, चौदा मिळून ताठ रेणूला वाकवतात.

या पकडी मुख्यतः कण्याला धरतात, आतली अक्षरं फारशी वाचत नाहीत. त्यामुळे डीएनएवर काहीही लिहिलेलं असलं तरी तेच रीळ चालतं. उत्क्रांतीने हे यंत्र जवळपास हात न लावता जपलं आहे. वाटाण्याच्या आणि वासराच्या एच४ मध्ये १०२ पैकी फक्त दोन अमिनो आम्लं वेगळी असतात. वाटाण्याच्या रोपात आणि गाईच्या वासरात इतकं तंतोतंत सारखं राहिलेलं प्रथिन दुसरं शोधायला बराच वेळ लागेल.

आता पुन्हा साडेआठ सेंटिमीटरकडे येऊ. दोनशे जोड्या सरळ ठेवल्या तर ६८ नॅनोमीटर लांब. त्या रिळावर गेल्या की धाग्याच्या लांबीत त्यांची जागा साधारण ११ नॅनोमीटर. बचत सहा पटींची. १ क्रमांकाच्या गुणसूत्रात अशी सुमारे साडेबारा लाख रिळं लागतात आणि एवढं करूनही धागा उरतो तब्बल १.४ सेंटिमीटर. अजून चौदाशे पट कमी व्हायचं आहे. हिस्टोनांनी डीएनए गुंडाळला आणि गुणसूत्र झालं, असं म्हणणारे हा भागाकार करत नाहीत.

दुसऱ्या पायरीचं उत्तर १९७६ मध्ये जॉन फिंच आणि एरन क्लग यांनी सुचवलं: रिळांची ओळ स्वतःच सर्पिल वळते आणि ३० नॅनोमीटर जाडीचा धागा बनतो. पेशीबाहेर काढलेल्या, शुद्ध केलेल्या क्रोमॅटिनमध्ये क्षारांचं प्रमाण साधलं की असा धागा खरोखर दिसतो, आणि तो तीस वर्षं प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापला गेला. पण २००८ मध्ये माणसाच्या विभाजित होणाऱ्या पेशी क्षणात गोठवून, रंग वा रसायन न लावता पातळ काप पाहिले गेले तेव्हा गुणसूत्रांत ३० नॅनोमीटरचा धागा सापडला नाही. दिसला तो सर्वत्र सारखा, दाट भरलेला मजकूर. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्क संस्थेत क्लोडा ओ'शी यांच्या गटाने डीएनए खास रंगवून केंद्रकातली त्रिमित चित्रं घेतली. तिथेही ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या अनियमित साखळ्याच होत्या. कोंबडीच्या तांबड्या पेशींसारख्या काही निवांत केंद्रकांत ३० नॅनोमीटरचा धागा आढळतो, पण मानवी गुणसूत्राच्या घडीची सर्वसाधारण पायरी म्हणून तो आता धरता येत नाही. माझ्या मते ते चित्र पाठ्यपुस्तकांतून काढायला हवं, निदान त्याखाली स्पष्ट टीप तरी हवी.

मग चौदाशे पट कोण कमी करतं? याचा पहिला पुरावा १९७७ चा आहे. जेम्स पॉलसन आणि उलरिख लेम्ली यांनी विभाजनातल्या मानवी गुणसूत्रांवरून जवळपास सगळे हिस्टोन रसायनांनी काढून टाकले. डीएनए सुटून विस्कटायला हवा होता. पण मध्यभागी प्रथिनांचा एक कणा तसाच राहिला, आकाराने मूळ गुणसूत्रासारखा, आणि त्यातून डीएनएची लांबच लांब वेटोळी बाहेर पसरली, प्रत्येकाचं मूळ आणि शेवट कण्यातच. या कण्याचा एक प्रमुख घटक म्हणजे कंडेन्सिन, १९९७ मध्ये तात्सुया हिरानो यांच्या गटाने बेडकाच्या अंड्यांच्या अर्कातून शुद्ध केलेला कडीच्या आकाराचा प्रथिनसमूह.

कंडेन्सिन काय करतो ते नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट इथे २०१८ मध्ये डोळ्यांसमोर पाहता आलं. दोन्ही टोकं बांधलेला एक डीएनएचा रेणू, त्यावर कंडेन्सिनचा एक रेणू, आणि इंधन म्हणून एटीपी. कंडेन्सिन एका जागी डीएनए धरतो आणि दुसऱ्या बाजूने तो आत ओढत राहतो, मधे वेटोळं वाढत जातं. वेग सेकंदाला दीड हजार जोड्यांपर्यंत. उघड्या डीएनएवर या वेगाने ८०,००० जोड्यांचं वेटोळं मिनिटभरात तयार होतं. हा आकडा मुद्दाम घेतला, कारण त्याच वर्षी कोंबडीच्या पेशींवर झालेल्या अभ्यासात विभाजनातल्या गुणसूत्राची लहान वेटोळी साधारण एवढीच निघाली. ती सुमारे ४ लाख जोड्यांच्या मोठ्या वेटोळ्यांच्या पोटात बसलेली असतात.

८०,००० जोड्यांचं एक, असं धरलं तर १ क्रमांकाच्या गुणसूत्रात तीन हजारांवर वेटोळी. त्यांची मुळं १० मायक्रोमीटरच्या कण्यावर ओळीने लावली तर प्रत्येकाच्या वाट्याला लांबी येते तीन नॅनोमीटर, एका रिळाच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून ती एका बाजूला राहत नाहीत. कण्याभोवती जिन्यासारखी फिरत चहूकडे पसरतात. धाग्याची लांबी संपली ती अशी, रुंदीत गेली. वेटोळ्यांची गुंतागुंत सोडवायला टोपोआयसोमरेज २ हे एन्झाइम लागतं. ते डीएनए कापतं, दुसरा धागा फटीतून पलीकडे नेतं आणि काप पुन्हा सांधतं. त्याला अडवलं तर दोन प्रती वेगळ्या होऊ शकत नाहीत.

हिरानो यांच्याच गटाने २०१७ मध्ये एक धाडसी प्रयोग केला. बेडकाच्या अंड्याच्या अर्कात त्यांनी उंदराच्या शुक्राणूंची केंद्रकं टाकली, पण न्यूक्लिओसोम बनू शकणार नाहीत अशी तजवीज आधी करून ठेवली. रिळंच नाहीत तर घडी कशी पडणार, असं कुणालाही वाटलं असतं. तरीही गुणसूत्रासारख्या रचना तयार झाल्या: मधे कंडेन्सिनचा ठळक कणा, भोवती उघड्या डीएनएची वेटोळी. फरक दिसला तो भरीवपणात. कडा विरळ होत्या, कारण डीएनएचे ऋणभार एकमेकांना दूर ढकलतात आणि तो भार झाकणारे हिस्टोन तिथे नव्हते.