सगळं सव्वा, मग शिरा कच्चा का?

श्रावणात कर्वेनगरच्या सोसायट्यांमध्ये सत्यनारायण सुरू झाले की प्रसादाच्या शिऱ्याचं एक माप सगळ्यांच्या तोंडी असतं: सगळं सव्वा. रवा, साखर, तूप यांना ते लागू आहे. गैरसमज असा की दूधही तेवढंच घालायचं. रव्याचा दाणा शिजायला त्याच्या किमान दुप्पट पातळ लागतं, जाड रव्याला अडीचपट. म्हणजे सव्वा वाटी जाड रव्याला दूध-पाणी मिळून तीन वाट्यांहून थोडं जास्त.

सोसायटीच्या मोठ्या पातेल्यात आणखी घोळ होतो. तिथे रवा किलोवर मोजला जातो आणि दूध लिटरवर. सव्वा किलो रव्याचं आकारमान पावणेदोन लिटरच्या आसपास भरतं. ‘सव्वाचं अडीचपट’ असा हिशेब करून तीन लिटर पातळ ओतलं, तर शिरा कोरडा आणि करकरीत होणारच. चार लिटर तरी हवं. रवा आणि दूध एकाच भांड्याने मोजलं की हा प्रश्नच उरत नाही.

दुसरा गैरसमज म्हणजे रवा खमंग भाजला की कच्चा लागत नाही. भाजण्याने वास आणि चव येते, दाण्यावर तुपाचा थर बसतो, पण दाणा शिजतो तो पाण्यातच. वाटीभर रवा मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा. सुरुवातीला जड वाटणारा रवा उलथन्याला हलका लागतो, तूप सुटू लागतं, घरभर वास जातो. आच मोठी ठेवली तर रंग लवकर येतो आणि आतला कच्चा वास तसाच राहतो.

इतकं सगळं नीट करूनही शिरा कचकचीत झाला, तर बहुतेक वेळा दोष साखरेचा. ती पडली की पाणी स्वतःकडे ओढते आणि दाण्याचं फुलणं तिथेच थांबतं. नंतर कितीही वाफा काढा, फरक पडत नाही. साखर घातल्यावर शिरा सैल होतो, त्यामुळे तो शिजतोय असं वाटतं, एवढंच.

गुठळ्यांवर जास्त तूप हा उपाय नव्हे. पातळ उकळतं हवं आणि ते बारीक धारेने, एका हाताने सतत ढवळत घालायचं. कणकेच्या शिऱ्यात तर हे फारच सांभाळावं लागतं. पीठ बारीक, त्यामुळे पाणी लागताच वरचा थर चिकट होतो आणि आत कोरडं पीठ अडकतं. कणकेला तूप जवळजवळ बरोबरीने घ्या, ती बदामी होऊन तूप सोडेपर्यंत भाजा आणि पाणी घालताना आच अगदी मंद करा.

रव्याच्या शिऱ्यात पाणी आटल्यावर झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ द्या. मग चार दाणे दातांखाली दाबून पाहा, मऊ लागले तरच साखर घाला.