शीघ्रपतन : सराव आधी, गोळी नंतर

शीघ्रपतन म्हणजे इच्छेच्या आधी, थोड्याशा उत्तेजनेने होणारे वीर्यस्खलन. ते थोपवता येत नाही आणि त्याचा पुरुषाला किंवा दोघांनाही त्रास होतो. लग्नानंतर पहिल्या काही महिन्यांत ही तक्रार घेऊन दवाखान्यात येणारे तरुण पुष्कळ असतात. त्यांतल्या अनेकांना आजार नसतोच, कारण किती वेळ लागणे सर्वसाधारण, याची त्यांची कल्पना मित्रांच्या बढायांवर आणि मोबाइलवरच्या चित्रफितींवर बेतलेली असते.

प्रत्यक्ष मोजमाप वेगळेच सांगते. नेदरलँड्सचे मानसोपचारतज्ज्ञ मार्सेल वाल्डिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सुमारे 500 जोडप्यांना स्टॉपवॉच देऊन योनिप्रवेशापासून स्खलनापर्यंतचा वेळ मोजायला लावला. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत मधला आकडा 5.4 मिनिटे निघाला. कुणाला अर्धे मिनिट पुरत होते, तर कुणाला पाऊण तासाच्या जवळपास लागत होते. म्हणजे चार मिनिटांत स्खलन होणारा पुरुष अगदी सर्वसामान्य असतो. वैद्यकीय व्याख्येनुसार पहिल्या संबंधापासूनच जवळजवळ प्रत्येक वेळी साधारण एका मिनिटाच्या आत स्खलन होत असेल, तर ते जन्मजात प्रकारचे शीघ्रपतन. आधी सगळे ठीक होते आणि नंतर वेळ घटून तीन मिनिटांवर किंवा त्याखाली आला, तर तो नंतर उद्‌भवलेला प्रकार. निदानासाठी अशी स्थिती किमान सहा महिने टिकलेली असावी, अशीही अट घातली जाते. लग्नाला सहा आठवडे झालेल्या माणसावर हा शिक्का मारण्याची घाई म्हणूनच चुकीची ठरते.

सुरुवातीच्या काळात वेळ कमी पडण्याची कारणे साधी असतात. उत्सुकता भरपूर आणि अनुभव नाही. दोन खोल्यांच्या घरात भिंतीपलीकडे आईवडील झोपलेले. शिवाय लग्नाआधीची कित्येक वर्षे न्हाणीघरात कुणी यायच्या आत उरकण्याची सवय. संबंधात बराच खंड पडला की पहिल्या वेळी स्खलन लवकर होते आणि त्याच रात्री दुसऱ्यांदा वेळ वाढतो. असा फरक दिसत असेल तर शरीराची नियंत्रणक्षमता शाबूत आहे, असे समजायला हरकत नाही. याउलट हस्तमैथुनातही, निवांत असतानाही, कायम मिनिटभरातच स्खलन होत असेल, तर मूळ मज्जासंस्थेच्या घडणीत असण्याची शक्यता वाढते. मेंदूतले सेरोटोनिन हे रसायन स्खलनाला लगाम घालते. काहींमध्ये हा लगाम जन्मतः सैल असावा, असे मानले जाते. वीर्य पातळ असणे, पूर्वीचे हस्तमैथुन किंवा स्वप्नदोष यांचा या आजाराशी संबंध नाही.

स्खलन दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात वीर्य मूत्रमार्गाच्या मागच्या भागात गोळा होते, दुसऱ्यात स्नायूंच्या झटक्यांनी ते बाहेर फेकले जाते. पहिला टप्पा सुरू झाला की पुढचे काही सेकंद काहीही केले तरी ते थांबत नाही. सगळ्या तंत्रांचे मर्म एवढेच, की हा क्षण येण्याआधीची चाहूल ओळखायला शिकणे. श्वास अडखळतो, मांड्या आणि नितंब आवळले जातात, अंडकोश वर ओढले जातात. शीघ्रपतन असलेल्या बहुतेकांना या खुणा माहीतच नसतात, कारण घाबरून ते मन दुसरीकडे नेतात, पाढे म्हणतात, ऑफिसचा विचार करतात. त्याने आनंद जातो, पण ताबा येत नाही.

जेम्स सीमन्स या अमेरिकी डॉक्टरांनी 1956 मध्ये ‘थांबा आणि पुन्हा सुरू करा’ ही पद्धत मांडली. तिचा क्रम उदाहरणाने नीट कळेल. समजा, 28 वर्षांच्या एका तरुणाच्या लग्नाला सात-आठ महिने झाले आहेत. आत गेल्यावर पाऊण मिनिटात स्खलन होते, कधी प्रवेशाआधीच. ताठरता उत्तम आहे. पहिले दोन आठवडे संभोग बाजूला ठेवायचा आणि तसे दोघांनी बोलून ठरवायचे, म्हणजे पत्नीला टाळल्यासारखे वाटत नाही. या काळात आठवड्यातून तीनदा त्याने एकट्याने, कोरड्या हाताने, सावकाश सराव करायचा. उत्तेजनेला मनातल्या मनात एक ते दहा गुण द्यायचे आणि सातवर पोहोचताच हात थांबवायचा. अर्ध्या मिनिटात गुण चारपर्यंत उतरले की पुन्हा सुरुवात. असे तीनदा थांबून चौथ्यांदा स्खलन होऊ द्यायचे. सगळ्याला पंधरा मिनिटे लागली तर सराव बरोबर चालला आहे. तेल किंवा जेल लावले की स्पर्श योनीच्या जवळ जातो, म्हणून ती पायरी पुढची. त्यानंतर हाच सराव पत्नीच्या हाताने. ‘थांब’ हा शब्द त्याने वेळेत उच्चारायचा, एवढीच त्याची जबाबदारी.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात प्रवेश, पण हालचालीविना. पत्नी वर आणि तो पाठीवर पडलेला असला की त्याच्या मांड्यांवर ताण येत नाही आणि थांबणे सोपे जाते. दोन-तीन मिनिटे तसेच स्थिर राहायचे, मग पत्नीने हळूहळू हालचाल सुरू करायची, सात आले की दोघांनी थांबायचे. पुरुष वर असण्याची स्थिती सर्वांत शेवटी. दोन-तीन महिन्यांत बहुतेकांना फरक जाणवतो. मात्र सराव सोडला की लाभ ओसरतो, हेही अनेकांच्या बाबतीत दिसते. यश न येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे थांबण्यात उशीर. नऊवर थांबणारा दर वेळी हरतो आणि पद्धतीलाच नावे ठेवतो.

विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दाब-तंत्रात थांबण्याच्या जोडीला शिश्नमुंडाखाली अंगठा आणि दोन बोटांनी काही सेकंद घट्ट दाबायचे असते. ताठरता थोडी उतरते आणि आवेग शमतो. ऐन वेळी हे अवघडच जाते, आणि नुसते थांबण्यापेक्षा त्याचा फार फायदा होतो असेही नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम त्यापेक्षा उपयोगी. लघवीची धार अडवताना जे स्नायू आवळतात तेच पाच सेकंद आवळून पाच सेकंद पूर्ण सैल सोडायचे, दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा, सुमारे बारा आठवडे. यात सैल सोडणेही तितकेच शिकायचे असते, कारण संभोगात हे स्नायू सतत आवळून धरले तर स्खलन उलट लवकर होते.

सरावाने पुरेसे साधत नसेल किंवा सुरुवातीला आत्मविश्वासासाठी आधार हवा असेल, तर औषधे आहेत. सर्वांत सौम्य उपाय म्हणजे संवेदना कमी करणारी औषधे. जाड निरोध हा त्यांतला बिनऔषधी प्रकार. लिडोकेन-प्रिलोकेनचे मलम शिश्नमुंडावर पातळ थरात लावून वीस मिनिटांनी साबणपाण्याने पूर्ण धुवायचे असते. पाऊण तास ठेवले तर बधिरता वाढून ताठरताच जाते. नीट न धुतल्यास पत्नीलाही बधिरपणा येतो, आणि तिची तक्रार ‘काही जाणवलेच नाही’ अशी असेल तर कारण बहुधा हेच. लिडोकेनचा फवारा मिळतो, त्यालाही हीच काळजी लागू. जखम, जळजळ किंवा पूर्वी अशा औषधाची ॲलर्जी असेल तर ही औषधे वापरू नयेत.

गोळ्यांमध्ये खास या तक्रारीसाठी बनलेली गोळी म्हणजे डॅपॉक्सेटीन. ती मेंदूत सेरोटोनिनचा परिणाम वाढवते आणि शरीरातून लवकर निघून जाते, म्हणून रोज न घेता गरजेपुरती घेता येते. संबंधाआधी एक ते तीन तास, पेलाभर पाण्याबरोबर 30 मिलिग्रॅम, आणि 24 तासांत एकदाच. गुण कमी वाटला आणि त्रास झाला नाही, तरच डॉक्टर 60 मिलिग्रॅम देतात. अपेक्षा मात्र माफक हवी. 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या चाचण्यांत सुरुवातीला सरासरी मिनिटाहून थोडा कमी असलेला वेळ बारा आठवड्यांनी 30 मिलिग्रॅमवर पावणेतीन मिनिटांच्या आसपास गेला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचाही तो पावणेदोन मिनिटांपर्यंत वाढला होता. नुसत्या दिलाशाचा आणि नियमित संबंधांचा वाटा किती मोठा असतो, ते यातून दिसते.

मळमळ, डोकेदुखी, जुलाब, चक्कर हे डॅपॉक्सेटीनचे नेहमीचे त्रास. उभे राहताना रक्तदाब उतरून क्वचित भोवळ येते, म्हणून पहिली गोळी घरीच घ्यावी, त्यावर दारू पिऊ नये, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच आडवे होऊन पाय उंच ठेवावेत. हृदयविकार, यकृताचा गंभीर आजार, फिट किंवा पूर्वी उन्मादाचा झटका आलेला असेल, तर ही गोळी नाही. नैराश्यावरची औषधे, ट्रॅमाडॉल, केटोकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोल चालू असताना ती घेणे धोक्याचे. शेवटची दोन औषधे बुरशीच्या संसर्गावर दिली जातात. गजकर्णासाठी आपल्याकडे इट्राकोनॅझोल सर्रास दिले जात असल्याने हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही.

रोज घेण्याच्या औषधांत पॅरॉक्सेटीन सर्वांत प्रभावी मानले जाते. सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन हीही त्याच कुळातली. ती मुळात नैराश्यासाठी आहेत आणि शीघ्रपतनासाठी डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात. परिणाम पाच-दहा दिवसांत सुरू होतो, पूर्ण व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. झोपाळूपणा, घाम आणि इच्छा मंदावणे असे त्रास होऊ शकतात, आणि तरुण वयात सुरुवातीला मनःस्थितीवर लक्ष ठेवावे लागते. एकदम बंद केल्यास चक्कर आणि अस्वस्थपणा येतो, म्हणून मात्रा हळूहळू उतरवतात. या औषधांचा शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो. ज्या जोडप्याला लवकर मूल हवे आहे त्याने हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

सिल्डेनाफिल हे शीघ्रपतनाचे औषध नाही. ताठरता टिकत नाही म्हणून घाईने उरकणाऱ्यालाच त्याचा उपयोग होतो. बाजारात डॅपॉक्सेटीन आणि सिल्डेनाफिल एकत्र असलेल्या गोळ्या मिळतात. ताठरता ठीक असलेल्याने त्या घेतल्या तर दोन्हींचे त्रास तेवढे वाट्याला येतात, आणि छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब जीवघेणा घसरू शकतो. ट्रॅमाडॉलने स्खलन लांबते, पण त्याची सवय लागते. 2018 पासून भारतात ते अमली पदार्थविषयक कायद्याखाली आहे. स्टेशनबाहेर भिंतीवर जाहिरात करणाऱ्यांच्या ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ पुड्यांत तर काय मिसळले आहे, हे विकणारा सांगत नाही. अशा उत्पादनांत न सांगितलेले सिल्डेनाफिल औषध नियंत्रकांना वारंवार सापडले आहे.

आधी ठीक असताना वेळ अचानक घटला, लघवीला जळजळ होत असेल, ताठरता कमी झाली असेल किंवा वजन उतरून छातीत धडधड होत असेल, तर सरावात महिने न घालवता तपासणी करून घ्यावी. प्रोस्टेटची सूज आणि थायरॉइडचा अतिस्राव ही त्यामागची बरी होणारी कारणे आहेत, आणि त्यांवर उपचार झाले की अनेकदा वेळ पूर्ववत होतो. पहिल्या भेटीसाठी मूत्रविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ, दोन्ही योग्य. कुणीही असो, किती सेकंद, किती काळापासून आणि कोणती औषधे चालू आहेत, एवढी माहिती पत्नीशी बोलून लिहून नेली तर बहुतेक निदान तिथेच होते.