सकाळी दहा ते तीन वीज बंद राहील

‘उद्या १० ते ३ लाइट नाही. मीटर रूमचं काम आहे. सहकार्य करावे.’ सोसायटीच्या ग्रुपवर रात्री एवढीच ओळ येते. लोक मोबाइल चार्ज करतात, गिझर सकाळी लवकर लावतात आणि विषय संपतो. घरातलं नेमकं काय बंद करून ठेवायचं आणि वीज परत आल्यावर आधी काय बघायचं, हे मात्र त्या ओळीत नसतं. पॅनलच्या दुरुस्तीत टीव्ही-फ्रिजला खरी भीती असते ती वीज परत येण्याच्या घडीची.

पुण्यातल्या चाळीस फ्लॅटच्या, तीसेक वर्षं जुन्या इमारतीचं उदाहरण घेऊ. खालच्या मीटर रूममध्ये मेन पॅनल आहे. रस्त्यावरच्या फीडर पिलरमधून आलेली जाड अॅल्युमिनियमची केबल तिथे मेन स्विचला जोडलेली आहे. पुढे बसबार, म्हणजे धातूच्या चार पट्ट्या: तीन फेजच्या आणि एक न्यूट्रलची. तिथून वीज एकेका मीटरला जाते. उन्हाळ्यात संध्याकाळी एसी लागले, की मीटर रूममधून जळकट वास येऊ लागतो. वायरमन दार उघडून बघतो, तर एका केबलच्या टोकाला बसवलेल्या लगजवळचं प्लास्टिक तपकिरी पडून कडक झालेलं.

अॅल्युमिनियम मऊ धातू आहे. बोल्टच्या दाबाखाली तो वर्षानुवर्षं थोडा थोडा दबत जातो, उघड्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर धरतो आणि जोड सैल पडतो. सैल जोडाचा विरोध तसा क्षुल्लक असतो, समजा एका ओहमचा दोनशेवा भाग. पण त्यातून १०० अँपिअर गेले, की त्या एका बोल्टपाशी ५० वॅट उष्णता तयार होते. २०० अँपिअर गेले, तर दुप्पट नव्हे, चौपट: २०० वॅट. वास दुपारी येत नाही आणि रात्री आठ-नऊला येतो, त्याचं कारण हेच.

हे काम एकेका विंगची वीज बंद करून का करत नाहीत, असं सभेत कुणीतरी विचारतंच. मेन स्विच खाली पाडला तरी त्याच्या वरच्या टोकाला रस्त्यावरून आलेली केबल जिवंतच असते, आणि खराब झालेला जोड नेमका तिथेच असला तर तिला हात लावता येत नाही. म्हणून महावितरणकडे अर्ज करून फीडर पिलरमधले फ्यूज काढून घ्यावे लागतात. पुणे परिसरात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी असतात. त्याच दिवशी दुरुस्ती जमवली, तर वीज दोनदा जाण्यापेक्षा एकदाच जाते.

आता न्यूट्रलकडे येऊ. फेजचा जोड तुटला तर काही घरांत अंधार होतो. न्यूट्रल तुटला की गडबड वेगळीच होते. एका घरात १०० वॅटचा लोड आहे, पंखा आणि दिवा. दुसऱ्या फेजवरच्या घरात दोन हजार वॅटचा गिझर चालू आहे. तिसऱ्या फेजवर काहीच लागलेलं नाही, असं धरू. मुख्य न्यूट्रल सुटला, की ही दोन घरं दोन फेजच्या मधल्या ४१५ व्होल्टवर एका ओळीत जोडली जातात. गिझरच्या वाट्याला जेमतेम २० व्होल्ट येतात आणि पंखा-दिव्याच्या घरात ३९५. दिवा लख्ख पेटतो आणि जातो. त्या जागी टीव्ही असता, तर तोही गेला असता. काही घरांत दिवे मंद आणि त्याच वेळी शेजारी जास्त प्रखर दिसू लागले, तर न्यूट्रल सैल आहे असं समजून आपला मेन तिथल्या तिथे पाडावा आणि वायरमनला बोलवावं. वाट बघत बसू नये.

दुरुस्तीच्या दिवशी न्यूट्रल मुद्दामच सोडवावा लागतो. जुने लग कापून नवे दाबून बसवतात, बसबार घासून साफ करतात, बोल्ट ठरलेल्या ताणाने आवळतात. मग मेगर लावून तपासणी होते. मेगर म्हणजे तारांवरचं आवरण कुठे गळतंय का, हे ५०० व्होल्ट सोडून बघणारं यंत्र. ही तपासणी नीट व्हावी म्हणून न्यूट्रलची पट्टी वेगळी करतात. ती परत जोडायची राहिली आणि वीज सोडली, तर वरचंच गणित चाळीस घरांत घडतं. घरातला मेन चालू असेल, तर मेगरचे ५०० व्होल्ट चार्जरपासून वॉशिंग मशीनच्या कार्डापर्यंत कुठेही पोचू शकतात. म्हणून नोटिशीत ‘घरातला मेन स्विच बंद ठेवा’ ही ओळ हवीच, आणि तिचं कारणही हवं. कारण दिलं नाही, तर निम्मी घरं ती वाचून सोडून देतात.

असली नोटीस तीन दिवस आधी लागावी. मजकूर साधारण असा:

‘गुरुवारी सकाळी १० ते ३ मेन पॅनलच्या दुरुस्तीसाठी पूर्ण इमारतीची वीज बंद राहील. तपासणी लांबल्यास ४ वाजतील. ९.५० ला लिफ्ट बंद होईल, त्यानंतर कुणीही आत जाऊ नये. टाकी ९ पर्यंत भरून ठेवली जाईल, पण पाच तास पंप चालणार नाही. घरातला मेन ९.५५ ला बंद करावा. छोटा जनरेटर असल्यास तो घराच्या वायरिंगला जोडू नये. ऑक्सिजन यंत्र वापरणाऱ्यांनी बुधवारपर्यंत सचिवांना कळवावं. वीज आल्याचा निरोप मिळेपर्यंत मेन चालू करू नये.’

जनरेटरचा उल्लेख नुसता काळजीपोटी नाही. घरातून उलट गेलेली वीज खाली पॅनलला हात लावून उभ्या असलेल्या माणसापर्यंत जाऊ शकते. ऑक्सिजन यंत्राला पाच तास बॅटरी पुरेलच असं नसतं, त्यामुळे त्या घरी भरलेला सिलिंडर आदल्या दिवशी यायला हवा. फ्रिजचं म्हणाल, तर दार उघडलं नाही तर खालच्या कप्प्यातलं अन्न साधारण चार तास गार राहतं. पाच तासांसाठी आदल्या रात्री बर्फाचे दोन-तीन डबे भरून खालच्या कप्प्यात ठेवावेत आणि दूध त्यांना खेटून. वापरात असलेलं इन्सुलिन खोलीच्या तापमानाला चालतं, पण मे महिन्यात ते माठाजवळ ठेवलेलं बरं. न उघडलेल्या कुप्या बर्फाला चिकटू देऊ नयेत, गोठलेलं इन्सुलिन फेकावं लागतं.

वीज सोडण्याआधी वायरमनने न्यूट्रल जागेवर असल्याची खात्री करायची. वीज आल्यावर, घरं जोडण्याआधी, प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास आणि दोन फेजमध्ये ४०० ते ४१५ व्होल्ट येतात का, हे मोजायचं. समितीतल्या कुणीतरी शेजारी उभं राहून ते आकडे वहीत लिहून घ्यावेत. घरांत मेन चालू करताना आधी एक दिवा लावून पाहायचा, मग फ्रिज, आणि एसी सर्वांत शेवटी.

एक घोटाळा याही चाचणीत दिसत नाही. दोन फेजच्या केबलींची अदलाबदल झाली, तर व्होल्ट बरोबर येतात, दिवे लागतात, पण पंपाची मोटर उलटी फिरते. आवाज नेहमीसारखाच, टाकीत पाणी मात्र चढत नाही. बऱ्याच लिफ्टमध्ये यासाठी रिले असतो, ती जागची हलत नाही आणि लोक लिफ्ट बिघडली म्हणून भलत्याच माणसाला फोन करतात. म्हणून पंप आणि लिफ्ट चालवून पाहिल्याशिवाय वायरमनला सोडू नये. त्याच रात्री नऊला, सगळे एसी चालू असताना, त्याने पुन्हा येऊन नव्या जोडांचं तापमान लांबूनच थर्मामीटरने मोजावं, हेही कामाच्या कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्यावं.